भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी-लसीकरणासाठी महापालिकेला पत्र : पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

सोसायट्यांकडून महापालिकेत जाणारी कुत्र्यांबद्दलची बहुतेक पत्रं एकाच साच्यातली असतात. ‘आमच्या परिसरात भटक्या कुत्र्यांनी उच्छाद मांडला असून लहान मुले व ज्येष्ठ नागरिक भयभीत झाले आहेत, तरी त्वरित बंदोबस्त करावा ही विनंती.’ हे वाचून पशुवैद्यकीय विभागातला माणूस नेमकं काय करणार? कुत्री किती, दिसतात कुठे, त्यांतल्या किती जणांची नसबंदी आधीच झालीय, गाडी आली तर फाटक कोण उघडणार, यातलं काहीच त्यात नसतं. मग ते पत्र फायलीला लागतं, किंवा ‘नियमानुसार कुत्री हलवता येत नाहीत’ असं एका ओळीचं उत्तर येतं.

पत्राचं काम राग पोचवणं नाही. कुत्रे पकडणाऱ्या गाडीची एक फेरी तुमच्या फाटकाशी लागावी एवढी माहिती त्यात हवी. ती कशी गोळा करायची आणि कशी मांडायची, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणासाठी तीन विंगांची, ९६ सदनिकांची सोसायटी घेऊ. फाटकाबाहेर रिक्षा स्टँड, ब विंगच्या मागे कचऱ्याची जागा आणि तळमजल्यावर पार्किंग. शहरातल्या निम्म्या सोसायट्या अशाच असतात.

आधी मागणी ठरवा

‘कुत्री उचलून न्या’ ही मागणी करू नका. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे भटकं कुत्रं पकडून त्याची नसबंदी आणि लसीकरण करायचं आणि त्याला पकडलं त्याच जागी आणून सोडायचं, अशी पद्धत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही हीच पद्धत कायम ठेवली. रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं किंवा आक्रमक कुत्रं यांचा तेवढा अपवाद केला. शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवाराबद्दल ७ नोव्हेंबर २०२५ ला वेगळा आदेश झाला, पण राहत्या सोसायट्या त्यात येत नाहीत. म्हणजे ‘घेऊन जा’ असं लिहिलंत, की नकार देणं कार्यालयाला सोपं जातं. आणि नियम बाजूला ठेवले तरी, रिकाम्या झालेल्या जागेत शेजारच्या गल्लीतली, नसबंदी न झालेली कुत्री यायला फार वेळ लागत नाही. खाणं तिथेच असतं, जागा तिथेच असते.

नसबंदी आणि लसीकरण या दोन वेगळ्या मागण्या आहेत, आणि नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा इथेच होतो. नसबंदी आयुष्यात एकदा होते. रेबीजची लस दरवर्षी द्यावी लागते. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडलेली असते. ती लांबून ओळखता येते, पण तिच्यावरून लस कधी दिली होती हे कळत नाही. चार वर्षांपूर्वी खाच पडलेल्या कुत्र्याला त्यानंतर एकदाही सुई टोचली गेली नसेल, असं सहज घडतं, कारण ‘याचं झालंय’ म्हणून पकडणारी माणसं त्याला सोडून पुढे जातात. म्हणून नसबंदी खाच नसलेल्यांची आणि लसीकरण सगळ्यांचं, असं पत्रात स्वच्छ लिहा.

चावा किंवा संशयित रेबीज हा या पत्राचा विषय नाही. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लाळ गळणारं, तोल जाणारं, खालचा जबडा लोंबणारं, समोर येईल त्याला चावत सुटणारं कुत्रं दिसलं तर पालिकेला फोन करायचा. अर्ज लिहीत बसायचं नाही.

मोजणी : दोन सकाळी, एकच वाट

पत्राचा जीव या मोजणीत आहे, म्हणून इथे घाई करू नका.

सकाळी साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान, कचऱ्याची गाडी यायच्या आत, सोसायटीभोवती एक फेरी मारा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच वाटेने पुन्हा एक. दिसेल त्या प्रत्येक कुत्र्याचा मोबाइलवर फोटो काढा. शक्यतो बाजूने, दोन्ही कान दिसतील असा. दोन्ही दिवस दिसलेलं कुत्रं तुमचं. एकच दिवस दिसलेलं कदाचित पाहुणं असेल, त्याच्याबद्दल रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा. कोणतं कुत्रं कुठे झोपतं, कोणती मादी गाभण आहे, पिल्लं कुठल्या गाडीखाली लपवली आहेत, हे त्याच्याइतकं कमिटीतल्या कोणालाच माहीत नसतं. दुपारी मोजू नका. कुत्री सावलीला पांगलेली असतात आणि आकडा हमखास कमी येतो.

प्रत्येक कुत्र्यापुढे चारच गोष्टी लिहा. ते कुठे असतं, नर की मादी, कानाला खाच आहे का, आणि अंगावरची एखादी ठळक खूण. ‘तांबूस, मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा’ एवढं वर्णन पुरतं. लाड्या, काळू, राणी ही नावं तुमच्या वहीत राहू द्या, पण पत्रात खूणच लिहा. पकडायला येणाऱ्या माणसाला राणी कोण ते कुठून कळणार?

कान पाहताना एक काळजी घ्या. भांडणात फाटलेला कानही लांबून खाचेसारखा दिसतो. मुद्दाम पाडलेली खाच सरळ कडांची आणि टोकाजवळ असते, तर फाटलेला कान वेडावाकडा आणि कुठेही असतो. शंका असेल तर ‘खाच अस्पष्ट’ असं लिहा.

आपल्या उदाहरणातल्या सोसायटीत मोजणीत चौदा मोठी कुत्री निघाली असं धरू. अकरा जणांच्या कानाला खाच नाही, त्यांत पाच माद्या आणि सहा नर. तिघांना खाच आहे. शिवाय पार्किंगमधल्या एका मादीला साधारण पाच आठवड्यांची चार पिल्लं आहेत. हे आकडे हातात आले की मागणी आपोआप नेमकी होते. पिल्लांना दूध पाजणारी मादी आत्ता पकडायची नाही, नाहीतर पिल्लं मरतात. पिल्लं दोन महिन्यांची होऊन दुधावरून सुटली की तिचा नंबर. म्हणजे आत्ता नसबंदीसाठी न्यायची कुत्री दहा. पिल्लांना रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, आणि नसबंदी सहा महिन्यांनंतर.

दहाच्या दहा न्या, असं का म्हणायचं? सात-आठ नेली तर चालणार नाही का? रेबीजच्या लसीकरणासाठी सर्वसाधारण हिशेब असा, की परिसरातल्या निदान सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. चौदाचे सत्तर टक्के म्हणजे दहा. पण एवढ्या छोट्या कळपात नसबंदीचं गणित याहून कडक लागतं. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे दोन महिने, वेताला चार-सहा पिल्लं सहज, आणि वर्षातून दोनदा वेत होऊ शकतं. एक मादी राहून गेली तर वर्षभरात तिची पिल्लंच पकडलेल्या दहांची भरपाई करू शकतात. म्हणून सगळे मागायचे, आणि गाडीत जागा कमी असेल तर माद्या आधी न्याव्यात असं पत्रात लिहायचं.

पत्र कधी द्यायचं, यालाही महत्त्व आहे. भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो हे गावाकडे कोणालाही सांगावं लागत नाही. त्याआधी, म्हणजे उन्हाळ्यातच पत्र गेलं तर दिवाळीच्या आसपास दिसणारी पिल्लांची लाट टळते. मात्र मार्च-एप्रिलमध्ये नसबंदी करणाऱ्या संस्थेचा पालिकेशी असलेला करार संपलेला असण्याचा संभव असतो, तेव्हा आधी एक फोन करून केंद्र चालू आहे ना, एवढं विचारून घ्या.

खाऊ घालणाऱ्यांना आधी भेटा

हे सांगितलं की काही सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतात. तरी सांगतो. परिसरात रोज कुत्र्यांना खाऊ घालणारी व्यक्ती बरोबर नसेल तर मोहीम निम्मी फसते. तिच्या हाकेला जमणारी कुत्री पाच मिनिटांत पकडली जातात. अनोळखी माणसाने जाळं घेऊन पाठलाग केला तर दोन सापडतात आणि बाकीची तीन गल्ल्या पार करून जातात. पुन्हा त्या गाडीचा आवाज आला तरी ती दिसत नाहीत.

खाऊ घालणाऱ्या काकू किंवा ताई विरोध करतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक एकच भीती असते, की नेलेली कुत्री परत येणार नाहीत. त्यांना तुमचं पत्र आधी वाचायला द्या. ‘त्याच जागी परत सोडावीत’ ही ओळ त्यात आहे हे त्यांना दिसू द्या. मग एकच विनंती करा, की गाडी येणार त्या सकाळी रोजच्या वेळी खाऊ घालू नका, गाडी आल्यावर हाक मारा. त्या तयार असतील तर त्यांचा फोन नंबर संपर्कासाठी पत्रात द्या, पण विचारूनच. खाऊ घालण्याच्या जागेवरून सोसायटीत वाद असेल तर तो या पत्रात आणू नका. त्यासाठी २०२३ च्या नियमांतला विसावा नियम आहे आणि तो वेगळा अर्ज आहे. दोन्ही एकत्र केलेत, की कार्यालय ‘सोसायटीतील अंतर्गत वाद’ असा शेरा मारून मोकळं होतं.

पत्र कोणाच्या नावे, कोणाच्या सहीने

महानगरपालिका असेल तर पशुवैद्यकीय अधिकारी. काही ठिकाणी हा विभाग आरोग्य खात्याखाली असतो, तेव्हा ‘आरोग्य विभाग’ असंही लिहा. प्रत तुमच्या प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना. मुंबईत ते विभाग कार्यालय, म्हणजे ए, बी, के पश्चिम या धर्तीचं. नगरपरिषद असेल तर थेट मुख्याधिकारी.

रहिवासी म्हणून एकट्याच्या सहीनेही अर्ज देता येतो. सोसायटीच्या ठरावाची गरज नसते. ‘पुढच्या मीटिंगमध्ये विषय ठेवू’ असं सेक्रेटरी म्हणाले, तर ती मीटिंग होईपर्यंत भाद्रपद उलटून जातो, हा अनुभव नवा नाही. पण एका गोष्टीसाठी सोसायटी लागते. कुत्री आवाराच्या आत असतील तर गाडीतल्या माणसांना आत सोडावं लागतं, आणि ती परवानगी चेअरमन किंवा सेक्रेटरींनी दिलेली बरी. पूर्ण लेटरहेड मिळालं नाही तरी चालेल, दोन ओळींचं ना-हरकत पत्र सोबत जोडा. खाली पाच-दहा शेजाऱ्यांच्या सह्या सदनिका क्रमांकासह असल्या तर उत्तम. शंभर सह्यांचा जोर लावण्यात वेळ घालवू नका. त्याने गाडी लवकर येत नाही.

पत्राचा नमुना

हा नमुना आपल्या उदाहरणातल्या सोसायटीसाठी भरलेला आहे. कंसातली जागा आणि आकडे तुमचे घाला.

दिनांक : (तारीख)

प्रति,
मा. पशुवैद्यकीय अधिकारी,
(महानगरपालिकेचे नाव व पत्ता)

विषय : (सोसायटीचे नाव, रस्ता, प्रभाग क्रमांक) येथील भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व रेबीज प्रतिबंधक लसीकरण करणेबाबत.

संदर्भ : १) प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३, नियम ११.
२) ऑनलाइन तक्रार क्रमांक (असल्यास).

महोदय/महोदया,

मी वरील सोसायटीतील (विंग व सदनिका क्रमांक) येथे राहतो. आमच्या आवारात व फाटकाबाहेर कायम वास्तव्य असलेल्या भटक्या कुत्र्यांची आम्ही दि. (  ) व दि. (  ) रोजी सकाळी प्रत्यक्ष मोजणी केली. तिचा तपशील असा :

| ठिकाण | खाच नसलेल्या माद्या | खाच नसलेले नर | कानाला खाच असलेली |
|---|---|---|---|
| मुख्य फाटक व रिक्षा स्टँड | २ | ३ | १ |
| ब विंगमागील कचऱ्याची जागा | २ | १ | १ |
| तळमजल्यावरील पार्किंग | १ | २ | १ |
| एकूण | ५ | ६ | ३ |

पार्किंगमधील मादीला अंदाजे पाच आठवड्यांची चार पिल्ले असून ती सध्या दूध पाजत आहे.

या माहितीच्या आधारे आमची विनंती पुढीलप्रमाणे आहे :

१) कानाला खाच नसलेल्या अकरा कुत्र्यांपैकी दूध पाजणारी मादी वगळून उर्वरित दहा कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे. एका फेरीत सर्व नेणे शक्य नसल्यास माद्यांना प्राधान्य द्यावे व पुढील फेरीची तारीख कळवावी.

२) कानाला खाच असलेल्या तीन कुत्र्यांना तसेच दूध पाजणाऱ्या मादीला जागेवरच रेबीज प्रतिबंधक लस द्यावी.

३) सदर मादीच्या निर्बीजीकरणासाठी व पिल्लांच्या लसीकरणासाठी दुसरी फेरी निश्चित करावी. पिल्ले दि. (  ) च्या सुमारास तीन महिन्यांची होतील.

४) शस्त्रक्रियेनंतरची देखरेख पूर्ण झाल्यावर प्रत्येक कुत्रे पकडलेल्या ठिकाणीच परत सोडावे व त्याची नोंद आम्हास मिळावी.

गाडी येण्यापूर्वी किमान एक दिवस आधी कळविल्यास आम्ही कुत्री एकत्र जमविण्यास मदत करू. आवारात प्रवेशासाठी सोसायटीचे ना-हरकत पत्र सोबत जोडले आहे. सकाळी ६ ते ९ या वेळेत आमच्यापैकी एक जण फाटकापाशी हजर राहील.

आपला विश्वासू,
(सही)
(नाव, सदनिका क्रमांक, मोबाइल)

संपर्कासाठी दुसरी व्यक्ती : (नाव, मोबाइल)

सोबत : १) कुत्र्यांची खुणांसह यादी व छायाचित्रे. २) परिसराचा हाताने काढलेला नकाशा. ३) सोसायटीचे ना-हरकत पत्र. ४) रहिवाशांच्या सह्या.

प्रत माहितीसाठी : मा. सहायक आयुक्त, (प्रभाग/क्षेत्रीय कार्यालय).

नकाशा म्हणजे वहीच्या पानावर फाटक, विंगा, कचऱ्याची जागा आणि तीन ठिकाणी फुल्या. तो काढताना ओशाळू नका. पकडायला येणारी माणसं पत्र वाचत नाहीत, त्यांच्या हातात हा कागदच असतो. यादीत दूध पाजणाऱ्या मादीपुढे मोठ्या अक्षरांत ‘आत्ता नेऊ नये’ असं लिहा.

पत्रात कोणती वाक्यं नसावीत, हेही सांगून टाकतो. ‘जीवितास धोका’, ‘उपोषणास बसू’, ‘आपण जबाबदार राहाल’ ही गाळा. चाव्याच्या घटना घडल्या असतील तर त्या लिहा, पण तारीख, जागा आणि उपचार कुठे घेतले यांसह, दोन ओळींत. ‘अनेक जणांना चावे घेतले’ या वाक्याला कार्यालयात किंमत नाही. एका तारखेला आहे.

देताना

दोन प्रती घ्या. एक आवक-जावक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन परत आणायची. नागरी सुविधा केंद्रातही पत्र घेतात, पण तिथून पशुवैद्यकीय विभागात पोचायला दिवस जातात, म्हणून जमलं तर थेट विभागाच्या कार्यालयात द्या. नुसत्या तोंडी ‘ठेवून जा, बघतो’ वर निघून येऊ नका. त्याच दिवशी पालिकेच्या ॲपवर किंवा तक्रार क्रमांकावरही नोंद करा आणि तिच्यात आवक क्रमांक लिहा. ॲपवरची तक्रार एकटी टाकली तर अडचण होते. गाडी येते, कुत्री दिसत नाहीत, आणि ‘निराकरण झाले’ म्हणून ती बंद होते. शिक्का मारलेलं पत्र असं बंद करता येत नाही.

साधारण पंधरा दिवसांनी कार्यालयात जा आणि एकच प्रश्न विचारा, ‘आमचा भाग कोणत्या तारखेच्या फेरीत आहे?’ उत्तरं ठरलेली असतात. ‘केंद्रात जागा नाही’ असं म्हणाले तर ते बहुधा खरंच असतं. प्रत्येक कुत्र्याला शस्त्रक्रियेनंतर निदान चार दिवस देखरेखीखाली ठेवावं लागतं, त्यामुळे पिंजरे रिकामे झाल्याशिवाय नवी कुत्री घेता येत नाहीत. अशा वेळी पाच-पाचच्या दोन फेऱ्या सुचवा. ‘संस्थेचा करार संपलाय’ असं म्हणाले तर नवा करार कधी होणार ते विचारा आणि तोवर निदान जागेवरच्या लसीकरणाची फेरी मागा. लस देणारं पथक शस्त्रक्रियेच्या केंद्रावर अवलंबून नसतं. आणि ‘आधी सोसायटीने पैसे भरा’ असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा. भटक्या कुत्र्यांचा हा कार्यक्रम राबवणं ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे.

गाडी येते तो दिवस

पकडलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात नंबरचा पट्टा बांधला जातो आणि पकडल्याची जागा, तारीख, वेळ नोंदली जाते. तुम्ही फक्त एक करा, तुमच्या यादीत त्या कुत्र्यापुढे पट्ट्याचा नंबर लिहून घ्या. गाडी निघण्याआधी यादी आणि पिंजरे जुळवा. दूध पाजणारी मादी चुकून आत गेली असेल तर तेव्हाच सांगा, केंद्रात पोचल्यावर उशीर होतो. शेजारच्या सोसायटीतलं एखादं कुत्रं तुमच्या फाटकावर सापडलं तर तेही सांगा, नाहीतर ते तुमच्याच दारात सोडलं जाईल आणि कुत्र्यांची भांडणं सुरू होतील.

कुत्री साधारण आठवडाभर गायब असतात. परत आली की नंबर, कानाची ताजी खाच आणि शस्त्रक्रियेसाठी भादरलेला भाग पाहा. खाच आहे पण अंगावर कुठेच टाका नाही, किंवा टाका आहे पण खाच नाही, असं दिसलं तर फोटो काढून लगेच कळवा. टाक्यापाशी सूज, पू किंवा दुर्गंधी असेल, कुत्रं सारखं तिथे चाटत असेल आणि खात नसेल, तर ते केंद्रात परत न्यायला सांगा. हे त्यांचंच काम आहे, तुमच्यावर उपकार नाहीत. गेलेल्या दहांपैकी नऊच आली, तर पट्ट्याचा नंबर देऊन लेखी विचारा. कधी ते दुसऱ्या भागात सोडलेलं असतं, कधी उपचारासाठी ठेवलेलं असतं, कधी दगावलेलं असतं. नंबर असला की उत्तर मिळतं. ‘तो तपकिरी कुठे गेला?’ याला मिळत नाही.

काहीच झालं नाही तर

महिना उलटूनही हालचाल नसेल तर मूळ पत्राच्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन चार ओळींचं स्मरणपत्र द्या आणि त्याची प्रत आयुक्तांना लावा. सोबत राज्य शासनाच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

त्यानंतर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, आणि उत्तर तीस दिवसांत अपेक्षित असतं. ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारी उत्तर द्यायला बांधील नसतो. कागद मागा : आवक क्रमांक अमुक या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदीची प्रत, आमच्या प्रभागात गेल्या वर्षभरात महिन्यावार किती कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण झालं त्याचा तक्ता, आणि सध्या काम करणाऱ्या संस्थेच्या करारनाम्याची प्रत. बऱ्याचदा हा अर्ज पोचल्यावर आठवड्याभरात गाडीची तारीख कळवणारा फोन येतो. आला तर आनंदाने घ्या, अर्ज मात्र मागे घेऊ नका. तो महिन्यावार तक्ता पुढच्या वर्षी लागेल.

पहिली फेरी झाली की यादी फेकू नका. आपल्या उदाहरणात पार्किंगमधली मादी अजून राहिली आहे आणि चार पिल्लंही. पिल्लं तीन महिन्यांची होतील त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी पहिल्या पत्राचा हवाला देऊन दुसरं छोटं पत्र द्या, त्यात फक्त पाच नावांची यादी. पिल्लांच्या नसबंदीसाठी तिसरं, ती सहा महिन्यांची झाल्यावर. आणि पहिल्या लसीकरणाला अकरा महिने झाले की चौथं, केवळ लसीकरणाचं, तेव्हा जितकी कुत्री असतील त्या सगळ्यांसाठी. या तिन्ही तारखा आजच सोसायटीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण तोवर कमिटी बदललेली असते.